क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तर आधी कोणती ओळ वाचायची

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री साडेनऊला शेजारच्या वहिनी एक प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. फाइल टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य हेच, "भाऊजी, मीच काहीतरी चुकीचं बोलले का हो त्या रात्री?"

आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो, कारण ते न सांगता पुढचं लिहिणं बरोबर नाही. मी पुण्यात अकरा वर्षं टीपीएमध्ये नोकरी केली. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधली संस्था, जी क्लेमचे कागद तपासते. माझं काम कागद वाचून शेरा मारण्याचं. त्यातली नकाराची पत्रंही मी तयार केली आहेत. दिवसाला चाळीस-पन्नास फायली असायच्या. एका फाइलला दहा मिनिटंही मिळायची नाहीत. नोकरी सोडून मिरजेला परत आलो त्याला आता सहा वर्षं झाली. त्यामुळे वहिनींनी पत्र उघडलं तेव्हा पहिल्या तीन ओळींतच मला कळलं की हे कसं लिहिलं गेलं असेल. आणि खरं सांगतो, जरा लाज वाटली.

अण्णांचं वय ५६. बाजारपेठेत टेलरिंगचं छोटं दुकान आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, तारखेनं सांगायचं तर ३ नोव्हेंबरला, नवरा-बायकोची पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी सुरू झाली. २२ जुलै २०२५ च्या रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं. रिक्षातून हॉस्पिटल, सकाळी अँजिओग्राफी, एक स्टेंट, पाच दिवस मुक्काम. बिल २,८६,४०० रुपये. कॅशलेस मंजूर झालं नाही, "कागद भरून द्या, नंतर बघू" असं उत्तर मिळालं. वहिनींनी पाटल्या आणि गंठण पतसंस्थेत ठेवून पैसे भरले. नंतर क्लेम टाकला आणि तीन आठवड्यांनी हे पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं, दीड पानाचं. त्याचा मराठीत सरळ अर्थ एवढाच: रुग्णाला चार वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे असं हॉस्पिटलच्या कागदात लिहिलेलं आहे. हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे. प्रस्ताव अर्जात तो सांगितलेला नाही. म्हणून Excl01 प्रमाणे क्लेम देता येत नाही.

आता इथेच थांबू. बहुतेक माणसं "चार वर्षांपासून" या शब्दांवर अडकतात आणि भांडायला लागतात. मी सांगेन, आधी तो कोड बघा.

आरोग्य विम्यात काय मिळणार नाही याची यादी पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत लिहायची. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये त्यातल्या नेहमीच्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरवून दिली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. असे १८ क्रमांक आहेत. त्यामुळे पॉलिसी कोणत्याही कंपनीची असो, शून्य-एक क्रमांकाचं कलम म्हणजे आधीपासूनचा आजार, हे पक्कं. पत्रात क्रमांक असेल तर आपली पॉलिसी काढायची, त्या क्रमांकाचं पान शोधायचं आणि मूळ वाक्य वाचायचं. पत्रातला सारांश वाचून काही उपयोग नाही. सारांश नकार देणाऱ्याने लिहिलेला असतो. आणि पत्रात क्रमांकच नसेल, नुसतं "पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही" असं असेल, तर पहिला मेल तिथेच करायचा: कोणती अट, कोणतं कलम, ते लिहून द्या. २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे नकार देताना नेमकी अट सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. आणि कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय नकार देताही येत नाही.

हे १८ अपवाद डोक्यात ठेवायची गरज नाही. दोन खण केले की पुरतं.

पहिल्या खणात पहिले तीन क्रमांक. हे काळाचे अपवाद. म्हणजे "कधीच देणार नाही" असं नाही, "इतके महिने देणार नाही" असं. शून्य-एक म्हणजे आधीपासूनचा आजार, त्याला जास्तीत जास्त ३६ महिने. शून्य-दोन म्हणजे ठरावीक आजारांची यादी. त्यात मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गुडघा बदलणं अशी नावं साधारणपणे असतात, आणि मुदत बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांची असते. शून्य-तीन म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस. त्यात अपघात सोडून कोणताच आजार चालत नाही.

दुसऱ्या खणात चार ते अठरा. त्यांना मुदत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, नुसत्या आरामासाठी भरती, सिद्ध न झालेले उपचार वगैरे. वर्षं कितीही झाली तरी हे बाहेरच.

बिलातून हातमोजे, फाइल चार्ज, खोलीच्या भाड्याची मर्यादा यासाठी जे पैसे कापतात तो तिसराच प्रकार. तो नकार नाही, कपात आहे. त्यावर वेगळं कधीतरी लिहीन.

खण ठरवणं का महत्त्वाचं? कारण पहिल्या खणातलं सगळं भांडण एका तारखेचं असतं. औषध कोणतं दिलं, डॉक्टर किती मोठे, बिल किती खरं, याचा तिथे संबंध नसतो. अण्णांच्या बाबतीत मी पॉलिसी उघडून वहिनींना ते पान वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर कलम असं म्हणतं: आधीपासून असलेला आजार आणि त्याच्या थेट गुंतागुंती यांच्या उपचाराचा खर्च, पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून अखंड ३६ महिने पूर्ण होईपर्यंत मिळणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे गेलंच की सगळं. नऊ महिनेच झालेत."

मी म्हटलं, थांबा. "आधीपासून असलेला आजार" म्हणजे काय, हे त्याच पॉलिसीत पुढे व्याख्यांच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही. व्याख्या अशी: पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान डॉक्टरांनी केलं, किंवा ज्यावर डॉक्टरांनी उपचार सुचवले किंवा दिले, तो आजार.

या वाक्यात "डॉक्टर" हा शब्द आहे, आणि सगळं त्याच्यावर उभं आहे. आजार शरीरात केव्हापासून होता, हा प्रश्नच नाही. हृदयाच्या नळीतली चरबी काय आठ महिन्यांत साचत नाही, ती वर्षानुवर्षं साचत असते. शरीरातल्या सुरुवातीची तारीख धरली असती तर विम्याला अर्थच उरला नसता. प्रश्न आहे तो निदानाचा आणि उपचाराचा. माणसाला डॉक्टरांनी पहिल्यांदा "तुम्हाला बीपी आहे" हे कधी सांगितलं? ती तारीख ३ नोव्हेंबर २०२४ च्या आधीची असेल तर कंपनीचं म्हणणं उभं राहतं. नंतरची असेल तर शून्य-एक लागूच होत नाही.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. अण्णा कपडे कापत नव्हते, नुसते बसून होते. मी सरळ विचारलं, "अण्णा, माझ्याशी खरं बोला. बीपीची गोळी पहिल्यांदा कधी घेतली?" हा प्रश्न घरच्या माणसाला विचारायला अवघड जातो, पण तो आधी विचारलाच पाहिजे. कारण उत्तर "चार वर्षं झाली" असं असतं, तर मी त्यांना वेगळा सल्ला दिला असता. अर्ज भरताना एजंटने सगळीकडे "नाही" वर टिक केली आणि आपण न वाचता सही केली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे. पण सही आपली असते. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये एका मेडिक्लेमच्या प्रकरणात जुना मधुमेह आणि त्याने झालेला किडनीचा आजार अर्जात लपवला म्हणून कंपनीचा नकार बरोबर ठरवला होता. उलट २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात माणसाने मधुमेह आधीच सांगितला होता, कंपनीने तरी पॉलिसी दिली, आणि मग हृदयविकाराच्या क्लेमला नकार दिला. तिथे कोर्टाने कंपनीला पैसे द्यायला लावले. दोन्हींत फरक एवढाच, की एकाने सांगितलं होतं आणि एकाने नव्हतं.

अण्णा म्हणाले, "मार्चमध्ये. डोकं जड व्हायचं म्हणून आपल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्याआधी कधी नाही. चार महिनेच झाले होते."

चार महिने. पत्रात चार वर्षं. आता मला शंका आली, कारण असं होताना मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

हॉस्पिटलमध्ये भरती करताना रात्रपाळीचे डॉक्टर नातेवाइकांना विचारतात: शुगर आहे का, बीपी आहे का, किती दिवसांपासून? नातेवाईक घाबरलेले असतात, डॉक्टरांच्या मागे आणखी तीन रुग्ण असतात. त्या घाईत जे लिहिलं जातं त्या कागदाला इनडोअर केस पेपर म्हणतात. डिस्चार्ज कार्ड वेगळं, हा वेगळा. हा हॉस्पिटलमध्येच राहतो, आपल्या हातात येत नाही. पण कंपनीचा तपासनीस येऊन त्याची झेरॉक्स नेतो, आणि तिथली एक ओळ उचलून नकार लिहिला जातो. म्हणजे ज्या कागदावर आपला क्लेम नाकारला, तो कागद आपण पाहिलेलाच नसतो.

तो मागायचा. रुग्णाला तो मागायचा हक्क आहे. लेखी अर्ज दिल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत रेकॉर्डची प्रत द्यावी, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. झेरॉक्सचे पैसे घेतात, ते द्यायचे. मी वहिनींना अर्ज लिहून दिला: भरतीच्या वेळची नोंद, रोजच्या डॉक्टरांच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि नर्सिंगचे कागद, सगळ्याची प्रत मिळावी. "नर्सिंगचे" हा शब्द मुद्दाम घातला.

चौथ्या दिवशी ६३ पानं मिळाली. डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीत खरंच लिहिलेलं होतं, रक्तदाब, चार वर्षांपासून. पण त्याच रात्री, वीस मिनिटांनंतर, वॉर्डमधल्या सिस्टरने भरलेला नर्सिंगचा कागद होता. त्यात त्याच प्रश्नापुढे लिहिलं होतं: चार महिने, गोळी चालू.

मी तो कागद वहिनींच्या पुढे ठेवला. म्हटलं, बघा, तुम्ही चार महिनेच सांगितलं होतं. तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत बसल्या. त्यांना ते इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघत होत्या.

पण हा एक कागद पुरत नाही. एकाच फाइलमध्ये दोन नोंदी आहेत, मग कंपनी आपल्या सोयीची धरणार. म्हणून बाहेरचा पुरावा लागतो. आम्ही तीन गोष्टी जमवल्या.

एक, घरच्या डॉक्टरांचा पहिला केस पेपर. तारीख २० मार्च २०२५, रक्तदाब १५८ बाय ९८, आणि गोळी सुरू केल्याची नोंद. डॉक्टरांनी रजिस्टर बघून लेखी दिलं की त्याआधी अण्णा त्यांच्याकडे सर्दी-तापालाच आले होते.

दोन, मेडिकल दुकानाची बिलं. अण्णा एकाच दुकानातून औषधं घेतात आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये नाव होतं. बीपीच्या गोळीची पहिली खरेदी मार्च २०२५.

तीन, आणि हे माझ्याही डोक्यात उशिरा आलं, पॉलिसी देण्याआधी कंपनीने स्वतःच अण्णांची तपासणी करून घेतली होती. वय पन्नाशीच्या वर होतं म्हणून. ऑक्टोबर २०२४ चा तो रिपोर्ट, रक्तदाब १२८ बाय ८२. कंपनीच्याच डॉक्टरांचा. आता कंपनी म्हणू शकते, आणि नंतर म्हणालीही, की गोळी चालू असेल तर रक्तदाब नॉर्मलच येणार. बरोबर आहे. एकट्या त्या रिपोर्टने काही सिद्ध होत नाही. पण गोळी त्याआधी कधी विकतच घेतलेली नाही, हे दुसऱ्या कागदावरून दिसतं. कागद असे एकमेकांना धरून उभे राहतात.

मग हॉस्पिटलच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो आणि खुलासा मागितला. इथे एक गोष्ट जपून करायची. जुन्या केस पेपरवर खाडाखोड करून द्या, असं डॉक्टरांना कधीही म्हणू नका. कंपनीकडे त्याची झेरॉक्स आधीच गेलेली असते. खाडाखोड दिसली की खरा क्लेमसुद्धा खोटा ठरतो. मागायचं ते वेगळ्या कागदावरचं पत्र. डॉक्टरांनी आधीचे कागद बघितले आणि लिहून दिलं: भरतीच्या नोंदीतला "चार वर्षं" हा उल्लेख तोंडी माहितीवर आधारित आहे, नर्सिंगच्या नोंदीत आणि आधीच्या उपचारांच्या कागदात तो चार महिने आहे.

तक्रार लिहायला बसलो तेव्हा वहिनींना मोठं पत्र हवं होतं. प्रीमियम वेळेवर भरला, दागिने गहाण ठेवले, कंपनीला माणुसकी नाही, हे सगळं. मी म्हटलं, ते खरं आहे, पण वाचणारा माणूस ते वाचत नाही. मी वाचायचो नाही. आमची तक्रार एका पानाची झाली. तिचा सांगाडा असा: तुम्ही शून्य-एक लावलं आहे. त्याची व्याख्या पॉलिसीच्या अमुक पानावर आहे. त्यात पॉलिसीपूर्वी डॉक्टरांनी निदान किंवा उपचार केलेला असावा लागतो. आमचं पहिलं निदान २० मार्च २०२५ चं आहे, म्हणजे पॉलिसीनंतर साडेचार महिन्यांनी. सोबत पाच कागद. त्याआधीच्या निदानाचा किंवा उपचाराचा कोणताही कागद तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत द्या.

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी कंपनीची असते, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. पॉलिसी होती, आजार झाला, खर्च झाला, एवढं आपण दाखवायचं. "पण हे अपवादात बसतं" असं ज्याला म्हणायचं आहे, त्याने ते सिद्ध करायचं.

अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने पाठवला आणि नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवरही टाकला. १२ दिवसांनी उत्तर आलं, आम्ही निर्णयावर ठाम आहोत. नवीन कागद काही जोडलेला नव्हता. वहिनींचा धीर त्या दिवशी सुटला. पण माझ्या मते ते उत्तर चांगलं होतं, कारण मागूनही त्यांनी काही दिलं नाही, हे आता लेखी झालं.

पुढची पायरी विमा लोकपाल. आपल्या भागाचं कार्यालय पुण्याला आहे. आधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते. तिने नकार दिला किंवा एक महिन्यात उत्तरच दिलं नाही, की एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. मागणी ५० लाखांपर्यंतची चालते. फी नाही आणि वकील लागत नाही, उलट तिथे वकील चालतच नाही. अर्ज cioins.co.in वरून ऑनलाइन भरता येतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये भरला. सुनावणी व्हिडिओवर झाली, जेमतेम पंधरा मिनिटं. अण्णांना विचारलं, गोळी कधी सुरू झाली? त्यांनी तारीख सांगितली. कंपनीच्या माणसाला विचारलं, मार्च २०२५ च्या आधीचा एखादा उपचाराचा कागद आहे का? तो म्हणाला, केस पेपरवरची नोंद आहे. परत विचारलं, त्याशिवाय? त्याशिवाय नव्हतं.

जानेवारीत निवाडा आला. हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे ८,७५० रुपये वजा करून २,७७,६५० रुपये द्यावेत. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधील असतो, ३० दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो पटला नाही तर आपण ग्राहक आयोगात जाऊ शकतो, कंपनीला मात्र तो पाळावाच लागतो. पैसे फेब्रुवारीत जमा झाले.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट अर्धवट राहील.

अण्णांचं ऐकून आमच्या गल्लीतले एक रिक्षावाले मामा त्यांचं पत्र घेऊन आले. हर्नियाचं ऑपरेशन, ६२ हजार, पॉलिसीला १४ महिने. नकार शून्य-दोनखाली. मी त्यांची पॉलिसी उघडली. यादीत हर्निया आहे, मुदत २४ महिने आहे. मामांचं म्हणणं, "मला पॉलिसी घेताना हर्निया नव्हताच, नंतर झाला." खरं असेल. पण शून्य-दोनमध्ये तो प्रश्नच येत नाही. आजार आधीचा की नंतरचा, तातडीचा की सावकाशीचा, काही असो, यादीतला असेल तर २४ महिने मिळत नाही. अपघातामुळे झालं असेल तरच सूट. मामांना अपघात झालेला नव्हता.

मी त्यांना सांगितलं, मामा, हे पत्र बरोबर आहे. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. त्यांचं ऑपरेशन तातडीचं नव्हतं, डॉक्टरांना विचारून दहा महिने थांबता आलं असतं की नाही हे निदान विचारता तरी आलं असतं. पण ती यादी त्यांना कुणी दाखवली नाही. आता पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक म्हणून दोन-तीन पानांचा कागद येतो, त्यात प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो. तेवढा तरी वाचून ठेवा.

मामा रागाने म्हणाले, पॉलिसीच बंद करतो. त्यांना मी हात जोडले. कारण काळाच्या अपवादांमध्ये आपली खरी कमाई म्हणजे सरलेले महिने. मामांचे १४ गेले, १० राहिले. आज बंद करून उद्या नवी घेतली तर पुन्हा शून्यापासून. कंपनी बदलायची असेल तर "पोर्ट" करायची, म्हणजे झालेले महिने सोबत येतात. एजंट कधीकधी पोर्टच्या नावाखाली सरळ नवी पॉलिसी काढतो. नव्या कागदावर पहिल्या पॉलिसीची जुनी तारीख छापून आली आहे का, ते बघा. आणि विम्याची रक्कम तीन लाखांची पाच लाख केली, तर वाढीव दोन लाखांसाठी महिने नव्याने मोजले जातात, हेही लक्षात ठेवा. पाच वर्षं, म्हणजे ६० महिने अखंड झाले, की अर्जात अमुक सांगितलं नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो.

दुसऱ्या खणातलं एकच कलम सांगतो, कारण त्याची पत्रं फार येतात. शून्य-चार, नुसत्या तपासण्यांसाठी भरती. ताप आला, दोन दिवस ठेवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि पत्र येतं की ही भरती तपासणीसाठीच होती. मूळ वाक्यात "मुख्यतः" आणि "फक्त" हे शब्द आहेत. मग बघायचा तो औषधांचा तक्ता. त्यात सलाइन, शिरेतून दिलेली औषधं, दर चार तासांनी तापाची नोंद असेल, तर उपचार झालेले आहेत, नुसती तपासणी नव्हती, असं म्हणायला आधार आहे. तक्त्यात फक्त दोन गोळ्या आणि सात तपासण्या असतील, तर कंपनीचं म्हणणं खोडायला अवघड जाईल.

मी त्या खुर्चीवर होतो तेव्हा केस पेपरवरची एक ओळ दिसली की शेरा मारून पुढची फाइल उघडायचो. नर्सिंगचे कागद फाइलमध्ये असायचे. मी ते किती वेळा उलटून बघितले, हे आठवायचा प्रयत्न केला, आठवत नाही. ज्यांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही त्यांचे क्लेम तसेच बंद झाले. आमच्याकडे परत येणाऱ्या फायली फार थोड्या असायच्या.

वहिनींनी पाटल्या सोडवून आणल्या त्या दिवशी शिरा आणून दिला. फाइल माझ्याकडेच ठेवायला सांगत होत्या. मी म्हटलं, नको, घरीच ठेवा, आणि वर एक कागद लावा: पॉलिसी सुरू ३ नोव्हेंबर २०२४, बीपी सुरू २० मार्च २०२५. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कुणी विचारलं, तर आठवायचं नाही. कागद दाखवायचा.